रात्रीचा टीव्ही: ब्लूटूथ हेडफोन की वायरचा? या चुका टाळा

कोथरूडला माझे काका राहतात. वेस्ट इंडीजमधली कसोटी आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी चालू असते, आणि काकांना ती शेवटच्या चेंडूपर्यंत बघायची असते. हॉलला लागून नातवाची खोली, त्याची दहावी. काकूंची झोप तर इतकी सावध की शेजारच्या फ्लॅटची कडी वाजली तरी उठतील. म्हणून मुलाने ब्लूटूथ हेडफोन आणून दिला. तिसऱ्या रात्री सव्वाएक वाजता त्याची बॅटरी संपली आणि टीव्हीने आवाज मुकाट्याने स्वतःच्या स्पीकरवर घेतला. तोही संध्याकाळच्या बातम्यांना ठेवलेल्या ३२ वर. सगळं घर उठून बसलं.

घरातले निजावेत म्हणून हेडफोन घेताना बहुतेक जण आवाजाची प्रत बघतात. माझं मत असं की आधी बघायचं ते हे: जोडणी तुटली तर काय होतं?

स्पीकर मोठा ठेवूनच हेडफोन जोडणे

बऱ्याच टीव्हींत स्पीकरचा आणि हेडफोनचा आवाज वेगवेगळा लक्षात ठेवला जातो. हेडफोन लावलेला असताना पडद्यावर ८ दिसतं, म्हणून आपण निश्चिंत असतो. स्पीकर मात्र आत ३२ वरच असतो. वायरच्या हेडफोनलाही हे चुकत नाही. पाणी प्यायला उठलात, वायर ओढली गेली, पिन निघाली की तोच गोंधळ. म्हणून हेडफोन जोडण्याआधी स्पीकरचा आवाज ४-५ वर आणा आणि मग जोडा. म्यूटवर विसंबू नका, आवाजाचं बटण चुकून दाबलं गेलं की म्यूट निघतो. हे सगळं जमलं की नाही ते दुपारीच तपासा: मुद्दाम हेडफोन बंद करा किंवा पिन काढा आणि काय होतं ते ऐका.

ओठ आधी, शब्द नंतर

काकांची दुसरी तक्रार होती, "अरे, चेंडू कव्हरकडे निघाला की मग बॅटचा टक् येतो." ब्लूटूथवर आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो, आणि मध्येच तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा करून मगच वाजवतो. साध्या जोडणीत यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. सेकंदाला २५ चित्रं धरली तर २०० मिलिसेकंद म्हणजे चित्र पाच पावलं पुढे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज सुमारे १२५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त मागे पडला की तो प्रेक्षकाला जाणवू लागतो. गाणी ऐकताना हाच हेडफोन उत्तम वाटतो, कारण तिथे ताडून बघायला ओठच नसतात.

इथे लोक हमखास फसतात. टीव्हीतल्याच यूट्यूबवर तपासतात, सगळं जुळलेलं दिसतं, आणि खोकं फेकून देतात. टीव्हीतलं अ‍ॅप पुष्कळदा आवाजाचा उशीर ओळखून चित्रही तेवढंच थांबवतं. सेटटॉप बॉक्समधून HDMI ने येणाऱ्या चित्राला ही सवलत मिळेलच असं नाही. काकांच्या घरी नेमकं तेच होतं: यूट्यूब ठीक, बॉक्सवरची मॅच मागे. तेव्हा रात्री जे बघणार तेच लावून तपासा. बातम्या देणारा चेहरा जवळून दिसत असेल तर दोन मिनिटांत कळतं.

मग मुलाने सेटिंगमध्ये जाऊन Audio Delay वाढवला. फरक आणखी वाढला. साहजिकच, ती पट्टी आवाज मागे ढकलते आणि आपला आवाज तर आधीच मागे. ती साउंडबारसारख्या उलट अडचणीसाठी असते. आपल्याला चित्र थांबवायला हवं. काही टीव्हींत A/V Sync नावाखाली ती सोय मिळते, सगळ्यांत नाही. पट्टी शून्यावर असेल तर तिथेच ठेवा. गेम मोड चालू असेल तर बंद करा, कारण त्यात टीव्ही चित्रावरची प्रक्रिया कमी करून ते लवकर दाखवतो आणि आवाज अधिकच मागे वाटतो.

कमी उशिराचा ब्लूटूथही मिळतो. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सीमध्ये उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण पाठवणारा आणि ऐकवणारा, दोघांनाही तो यावा लागतो. एकालाच येत असेल तर जोडणी गुपचूप साध्या पद्धतीवर उतरते आणि जास्तीचे पैसे वाया जातात.

वायर घेतली, पण भलत्याच भोकात

शेवटी काका वायरवर आले. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून पाच मीटरची ३.५ मिमीची एक्स्टेन्शन आणली, टीव्हीमागे खुपसली, आणि आवाज शून्य. ते भोक AV IN चं होतं. आकार तोच, पिन छान बसते, पण तिथून आवाज आत जातो, बाहेर येत नाही. हेडफोनचं चिन्ह किंवा AUDIO OUT लिहिलेलं शोधा. टॉर्च लागतोच, आणि टीव्ही भिंतीवर असेल तर मोबाइलने मागचा फोटो काढणं सोपं.

ते भोकच नसेल तर सेटटॉप बॉक्सच्या पाठीवर AV OUT आहे का बघा. HDMI लावलेली असतानाही तिथून सहसा आवाज येत राहतो. मात्र त्याचा आवाज बॉक्सच्या रिमोटने कमीजास्त होतो आणि टीव्हीचा स्पीकर आपोआप बंद होत नाही, तो वेगळा शून्यावर न्यावा लागतो. तेही नसेल आणि फक्त ऑप्टिकल असेल तर मध्ये छोटा कन्व्हर्टर लागतो. त्या वेळी टीव्हीचा डिजिटल आवाज PCM वर ठेवा, नाहीतर काहीच ऐकू येणार नाही किंवा नुसती खरखर येईल.

काकांना योग्य भोक सापडलं, पण नवंच कोडं निघालं. प्रेक्षकांचा गलका स्पष्ट, समालोचक मात्र विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. हेडफोन बिघडला असं समजून ते बदलायला निघाले होते. मी म्हटलं, "काका, थांबा, माइकचं बटण दाबून धरा बरं." आवाज परत आला. त्यांचा हेडफोन मोबाइलचा, म्हणजे चार पट्ट्यांच्या पिनचा, आणि एक्स्टेन्शनमध्ये त्याची जमिनीची तार नीट टेकत नव्हती. तसं झालं की दोन्ही कानांत डाव्या-उजव्याचा फक्त फरक वाजतो. बोलणं दोन्हींकडे सारखंच असतं, म्हणून ते एकमेकांत वजा होऊन जातं. आधी पिन पूर्ण आत दाबा. तरी तसंच राहिलं तर माइक नसलेला, तीन पट्ट्यांचा हेडफोन वापरा.

एक जागा ठरलेली आणि बघायचं ते बॉक्सवरचं, अशा घरात मी वायरच घ्या म्हणेन. दोघांना ऐकायचं असेल तर साध्या वाय-पिनने कामही भागतं. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर मालिका बघत मध्येच ओट्याजवळ जाणाऱ्यांना ब्लूटूथ सोयीचा, फक्त तो मोबाइललाही जोडलेला ठेवू नका. रात्री फोन आला की टीव्हीचा आवाज तुटतो.

काकांची वायर आता भिंतीच्या कडेने खुर्चीपर्यंत गेली आहे. तक्रार एकच उरली आणि ती काकूंची. दोन्ही कान बंद असले की स्वतःचा आवाज किती चढलाय ते कळत नाही, आणि विकेट पडली की काका ओरडतात. त्यामुळे एक कप आता कानामागे सरकवलेला असतो.