मशीनचं सर्व्हिसिंग वेळापत्रक: सरासरी काढाल तर फसाल

प्रत्येक मशीनचं मॅन्युअल, दुरुस्तीची वही आणि जुनी बिलं समोर घ्या. मॅन्युअलमधले सर्व्हिसचे तास एका रकान्यात उतरवा. कॉम्प्रेसरला अवर मीटर नसेल तर बसवून घ्या. नुसत्या महिन्यांवर हिशेब ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या शेती-अवजार दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये पेरणीच्या तोंडावर मशीन दिवसभर चालते आणि श्रावणात झाकून पडते.

अडतं ते पुढे. मी कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्ह प्लेटवर दोन वर्षं फसलो. काजळी धरून ती चार वेळा बंद पडली होती: आधीच्या सफाईनंतर 610, 430, 700 आणि 450 तासांनी. मी सरासरी काढली, साधारण 547, आणि 540 तासांना सफाई लिहून मोकळा झालो. नीट बघा, चारपैकी दोन वेळा प्लेट त्याआधीच गेली होती! म्हणजे ते वेळापत्रक निम्म्या वेळा उशिराच पोचणार होतं. सगळ्यात लहान आकडा धरा आणि त्याच्याही थोडं अलीकडे या. मी आता 350 तासांना प्लेट उघडतो. मेन स्विच बंद आणि टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय हात लावत नाही.

आकडे काढण्याआधी बिघाड वेगळे करा. त्याच वहीत मोटर जळाल्याची नोंद होती. ती एक फेज गेल्यामुळे जळाली होती. त्यावर सर्व्हिसिंगचा उपाय नाही, सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा लागतो. दुरुस्तीनंतर दोन-चार दिवसांत पट्टा तुटला असेल तर तोही झिजेत धरू नका. बहुधा पुल्या एका रेषेत बसल्या नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ.

मग तारखा बघा. माझे 430 आणि 450 हे दोन्ही बिघाड उन्हाळ्यातले निघाले. फुफाट्याने फिल्टर तुंबतो, हेड तापतं, तेल जळून व्हॉल्व्हवर काजळी बसते. म्हणजे खरा चोर फिल्टर होता. माझ्या मॅन्युअलमध्ये त्याची सफाई 100 तासांनी आहे, मी मार्च ते मे 50 तासांनी करतो. मॅन्युअलचा आकडा ही वरची मर्यादा समजा. धुळीत आणि उन्हात तो कमी करायचा. "वर्षभर काही झालं नाही" म्हणून वाढवायचा मात्र नाही, वॉरंटी असेल तर मुळीच नाही.

अंदाज बरोबर आहे का, हे कळायला सफाईनंतर रिकामी टाकी किती मिनिटांत भरते ते लिहून ठेवा. माझी सात मिनिटांत भरते. नऊवर गेली की तास भरायची वाट न बघता प्लेट उघडतो. आधी एअर लाइन कुठे गळत नाही ना, तेवढं बघून घेतो.

बाकी सोपं आहे. टाकीतलं पाणी रोज सोडा. तेल तासांनी किंवा मॅन्युअलमधल्या महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. मशीन पूर्ण खोलायची मोठी सर्व्हिसिंग पेरणी आटोपल्यावर लावा, मे महिन्यात वखर-डवऱ्यांची रांग असताना नाही.