बैल, बेडूक, बगळा आणि साप: लेकरांच्या हालचालीच्या तासाची तयारी

उद्या अंगणवाडीत गोष्टीतून हालचालीचा तास घ्यायचा असेल तर आज संध्याकाळी काय काय बघून ठेवायचं ते लिहितेय, तीन ते सहा वर्षांची पंधरा-सोळा लेकरं आणि वीस मिनिटं एवढं धरून.

आधी जागा. आपल्याकडं बहुतेक खोल्यांत शहाबादी फरशी, त्यावर सतरंजी टाकली की ती सरकते आणि लेकरू तोंडावर येतं, म्हणून सतरंजी गुंडाळून ठेवा, फरशी सकाळीच झाडून कोरडी करून घ्या, पाय अनवाणीच, मोजे तर अजिबात नको. खडूनं प्रत्येकाचं एकेक गोल घर काढा, दोन्ही हात पसरून लेकरू गोल फिरलं तर शेजारच्याला लागू नये एवढ्या अंतरावर. मी पहिल्या वर्षी घरं काढलीच नव्हती, दोन बेडकांची डोकी अशी आपटली की पुढचा सगळा तास रडणं थांबवण्यात गेला. वेळ सकाळचीच ठेवा, खिचडीच्या आधी, पोट भरल्यावर पोटावर सरपटायला लावणं म्हणजे आपणच उलटी बोलावणं, आणि उन्हाळ्यात अकरानंतर पत्र्याखाली काहीच होत नाही. लांब फ्रॉक गुडघ्याखाली येतो आणि रांगताना त्याच्यावरच पाय पडतो, तो कमरेला खोचून द्या, पायजम्याच्या नाड्या पण बघा.

थांबायची खूण गोष्टीच्या आधीच पक्की करायची. हलगी बंद खोलीत फार घुमते, लेकरं कानावर हात ठेवतात, त्यापेक्षा खंजिरी बरी. एक थाप म्हणजे आहे तिथं दगड. हे तीन-चार वेळा नुसतं चालत चालत करून घ्या, सगळी दगड होईपर्यंत गोष्ट सुरूच करू नका.

आता खरी तयारी, जी आपण बहुतेक जणी करत नाही. नुसतं "चला बेडूक बना" म्हटलं की सगळी ड्रांव ड्रांव ओरडत कशीपण उड्या मारतात, मजा येते पण स्वतःच्या अंगाकडं कुणाचंच लक्ष जात नाही. म्हणून प्रत्येक प्राण्यासाठी कागदावर एक ओळ लिहून न्या: जमिनीला काय टेकतं, अंग किती जड, खाली जमीन कशी. माझी गोष्ट अशी, उन्हाळ्यात बैल वावरातून विहिरीवर पाण्याला निघालाय, वाटेत ढेकळं आहेत आणि पाठीवर ज्वारीचं पोतं. टेकतात तळहात आणि पावलं, गुडघे वर. पोतं जड म्हटलं की चाल आपोआप हळू होते, आणि हळू झालं की उजवा हात-डावा पाय असं आलटून पालटून यायला लागतं. काही लेकरं एकाच बाजूचा हात-पाय सोबत टाकतात, त्यांना बोलून दुरुस्त करू नका, पोतं आणखी जड करा. बोटं पसरून तळहात पूर्ण टेकलाय का ते मात्र बघा, मूठ किंवा नुसती बोटं टेकत असतील तर वजन हातावर नीट येत नाही, आणि खांद्या-मनगटाला वजन जाणवणं हाच तर त्यातला फायदा. पाच-सहा पावलं झाली की थाप, आणि विचारा, "बैला, तुझं काय काय दुखतंय?" मागच्या आठवड्यात एक चार वर्षांची पोरगी म्हणाली, "माझं हिथं गरम झालंय," आणि खांदा दाखवला. आपल्याला हेच पाहिजे असतं.

विहिरीवर बेडूक. ओली माती आहे, आवाज झाला तर पाणी पिणारा बैल बिचकेल, म्हणून उडी बिनआवाजाची. बिनआवाजाची पडायची तर गुडघे वाकवावेच लागतात, वेगळं सांगायची गरज नाही. धप्प आवाज यायला लागला की लेकरं थकली समजा, फरशी टणक आहे, पाच उड्यांच्या वर नको. बगळा एका पायावर, यात वयाचा फरक फार, तीन वर्षांचं लेकरू एक-दोन सेकंदच टिकतं, पाच वर्षांचं आठ-दहा, म्हणून लहानग्यांना भिंतीला एक बोट लावू द्या आणि "कोण जास्त वेळ" हा खेळ काढूच नका. दोन्ही पायांवर एकेकदा, हे आपणच विसरतो.

शेवटी सापच ठेवा. उन्हानं दमलाय, पोट टेकून हळू सरकत वारुळात जाऊन पडतो. बैल शेवटी ठेवला तर ती बैलं दारातून बाहेरच जातात.

हातात प्लॅस्टर असलेलं किंवा नकोच म्हणणारं एखादं लेकरू असतंच, त्याच्या हातात खंजिरी द्या, दोनतीन थापा झाल्या की त्यातली बरीच आपोआप येऊन बसतात. आणि मदतनीस ताईंना आधीच सांगून ठेवा की त्यांनी फक्त दाराजवळ उभं राहायचं, लेकरांचे हातपाय धरून बैल करून दाखवायचा नाही.