संबंधानंतर रक्ताचा डाग दिसला तर तपासणी कशी करून घ्यावी

तिशीतल्या बाईला शरीरसंबंधानंतर लालसर किंवा तपकिरी डाग दिसला की दोन गोष्टी घडतात. एक तर ती घाबरून कॅन्सरपर्यंत पोचते, नाहीतर "दोन वर्षांपूर्वी पॅप टेस्ट नॉर्मल होती" म्हणून गप्प बसते. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. पॅप ही कोणताही त्रास नसलेल्या बायकांसाठीची, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाळणी तपासणी आहे. रक्त दिसू लागलं की गर्भाशयाचं तोंड डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहायलाच हवं, जुना रिपोर्ट कितीही चांगला असला तरी.

आधी घरी नोंद करा. डाग कोणत्या तारखेला दिसला, पाळीच्या कितव्या दिवशी, रंग कसा होता, पाळीच्या अधेमधेही रक्त जातं का, वास किंवा पिवळसर स्राव आहे का, ओटीपोटात दुखतं का आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, एवढं पुरे. पाळी लांबली असेल तर गरोदरपणाची चाचणी करा. भरपूर रक्त जात असेल, म्हणजे तासाला एक पॅड भिजत असेल, किंवा चाचणी पॉझिटिव्ह असून रक्त जात असेल, तर नोंदी करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ शक्यतो पाळी नसतानाची घ्या. त्याआधी दोन दिवस संबंध नकोत, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम नको आणि आतून धुणंही नको. त्यामुळे नमुना स्वच्छ मिळतो. पण डाग सतत दिसत असेल तर तो थांबायची वाट पाहू नका.

तपासणी टेबलावर होते. स्पेक्युलम नावाच्या साधनाने योनीच्या भिंती बाजूला करून प्रकाशात गर्भाशयमुख पाहतात. थोडं दडपण जाणवतं, पण जोरात दुखलं तर लगेच सांगा. त्याच वेळी स्रावाचा नमुना संसर्गासाठी घेतला जातो आणि चाळणी तपासणीची वेळ झाली असेल तर पॅप किंवा हा कॅन्सर घडवू शकणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा नमुनाही.

समजा, चौतीस वर्षांची बाई आहे. दोन महिन्यांत तीनदा डाग दिसला, गोळ्या चालू आहेत, मागची पॅप नॉर्मल. तपासणीत गर्भाशयमुखाच्या छिद्राभोवती मखमली लाल भाग दिसतो. हे एक्ट्रोपियन. आतल्या नाजूक पेशी बाहेरच्या बाजूला आलेल्या असतात. गोळ्यांमधल्या हार्मोनमुळे किंवा गरोदरपणात असं सर्रास होतं. पुष्कळदा यालाच "पिशवीच्या तोंडाला जखम आहे" असं सांगतात, पण ती जखमही नाही आणि आजारही नाही. इथेच तपासणी आटोपली असती तर छिद्रातून डोकावणारा वाटाण्याएवढा लाल पॉलिप, म्हणजे देठावर वाढलेला मांसल कोंब, राहून गेला असता. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून एक कारण सापडलं तरी दुसऱ्यासाठी पाहणं सोडायचं नसतं.

असा छोटा पॉलिप बहुतेकदा बाह्यरुग्ण विभागातच, देठाला चिमट्यात धरून पीळ देऊन काढतात. तो जवळजवळ नेहमीच साधा निघतो, तरी फेकून न देता बायोप्सीला पाठवायचा असतो. "कुठे पाठवला, रिपोर्ट कधी?" हे विचारायला संकोच करू नका. त्यानंतर एक-दोन दिवस थोडा डाग दिसू शकतो.

संसर्ग असेल, उदाहरणार्थ क्लॅमिडिया, तर गर्भाशयमुख सुजतं आणि नमुना घेण्याच्या कापसाचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. अनेकींना दुसरं कुठलंच लक्षण नसतं. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकांचा कोर्स पुरा करायचा आणि जोडीदाराचेही उपचार त्याच वेळी करायचे. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचे, नाहीतर तोच संसर्ग परत येतो. औषध दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणल्या तर लक्षण दबतं आणि कारण आतच राहतं.

एक्ट्रोपियनला त्रास नसेल तर उपचार लागत नाहीत. डाग त्रासदायक असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्या बदलता येतात. तो लाल भाग जाळण्याचा किंवा गोठवण्याचा सल्ला मिळाला, तर आधी पॅप किंवा एचपीव्हीचा रिपोर्ट हातात आला आहे का ते विचारा. तपासणीआधी पृष्ठभाग जाळला तर खालचा बदल झाकला जाऊ शकतो. केवळ एवढ्यासाठी गर्भाशय काढायला सांगत असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

गर्भाशयमुखावर खडबडीत गाठ किंवा हात लागताच भळभळणारा भाग दिसला तर पॅपच्या रिपोर्टची वाट न पाहता तिथलाच तुकडा तपासतात. सगळं साधं निघालं, पॉलिप काढला, संसर्ग बरा झाला आणि तरीही डाग पुन्हा दिसू लागला, तर परत जा आणि कोल्पोस्कोपीबद्दल विचारा. त्यात भिंगातून गर्भाशयमुख मोठं करून पाहतात आणि संशयास्पद जागेचा नेमका नमुना घेतात.