ग्रुप टूरचं बिल: खात्यात ७,५०० उरले म्हणजे नेमकं काय चुकलं? या चुका टाळा

टूर होऊन पंधरा दिवस झाले, क्लायंटचे पैसे पूर्ण आले, एअरलाइनचे गेले, हॉटेलचे गेले, आणि तरी लेजरमध्ये ७,५०० शिल्लक दिसतायत. एजंट म्हणतो ठेवा, नफ्यात टाकून द्या. इथेच थांबायचं. कारण तिकीट आणि हॉटेल आपण "जसंच्या तसं" पुढे केलंय असं बिलावर लिहिलं असेल तर त्यात नफा असूच शकत नाही, आणि आहे म्हणजे बिल चुकलंय किंवा नोंद चुकलीय.

ट्रॅव्हल एजंटची खाती बघताना मी एक सवय लावून घेतलीय, प्रत्येक ग्रुपसाठी एक वेगळं खातं उघडायचं, नाव काहीही द्या, "ग्रुपच्या वतीने खर्च" म्हणा. क्लायंटला तिकीट आणि हॉटेलपोटी जेवढं बिल लावलं ते एका बाजूला, एअरलाइन आणि हॉटेलला जेवढं दिलं ते दुसऱ्या बाजूला. सर्व्हिस फी यात अजिबात घ्यायची नाही, ती आपली कमाई आहे, तिची जागा वेगळी. टूर संपल्यावर हे खातं शून्य झालं पाहिजे. नाही झालं तर किती उरलंय यावरून बऱ्याचदा चूक कुठे आहे ते सापडतं.

समजा २० जणांचा ग्रुप आहे. तिकीट माणशी ६,००० म्हणजे १,२०,०००. हॉटेलच्या १० डबल रूम, ३ रात्री, रूमचा रोजचा दर २,५००, म्हणजे ७५,०००. सर्व्हिस फी माणशी ५००, म्हणजे १०,०००, आणि तिच्यावर टॅक्स, हिशोबाला सोपं म्हणून १० टक्के धरू, १,०००. एकूण बिल २,०६,०००.

आता पहिली चूक, आणि सगळ्यात महागडी, ती म्हणजे हे सगळं एकाच ओळीत लिहिणं, "ग्रुप टूर, २० जण" आणि पुढे एकच आकडा. असं केलं की कागदावर तुम्ही पूर्ण टूरच विकली असं दिसतं, मग टॅक्स १०,००० वर लागायचा तो थेट २,०५,००० वर लागू शकतो, म्हणजे १,००० च्या जागी २०,५००. पण म्हणून नुसत्या तीन ओळी पाडल्या की काम झालं असंही नाही हं. सीट तुम्ही आधीच घेऊन ठेवल्या असतील, न विकल्या गेल्या तर तोटा तुमचा असेल, ग्राहकाला भाव तुम्ही ठरवून दिला असेल, तर तुम्ही एजंट नाहीच, विक्रेते आहात, आणि ओळी कितीही पाडल्या तरी ते बदलत नाही. पास-थ्रू, म्हणजे जसाच्या तसा पुढे केलेला खर्च म्हणायचं तर तो क्लायंटच्या सांगण्यावरून त्याच्या वतीने केलेला हवा, रक्कम एक पैसाही न वाढवता लावलेली हवी, आणि बिलावर आपल्या फीपासून वेगळी दिसायला हवी. टॅक्सचे बारीक नियम देशागणिक बदलतात पण या तीन गोष्टी जवळपास सगळीकडे विचारल्याच जातात.

परत त्या ७,५०० कडे येऊ. ७,५०० म्हणजे २,५०० गुणिले ३, एका रूमच्या तीन रात्री. ग्रुप बुकिंगमध्ये हॉटेल बऱ्याचदा ठरावीक रूमवर एक रूम फुकट देतं, टूर लीडरसाठी वगैरे. हॉटेलचं बिल आलं ९ रूमचं, ६७,५००, आणि क्लायंटला बिल गेलं होतं १० रूमचं कारण ते कोटेशनवरून बनवलं होतं. असं असेल तर ते ७,५०० क्लायंटचे आहेत, क्रेडिट नोट काढून परत करायचे.

पण गंमत अशी की ७,५०० म्हणजे ७५,००० चे १० टक्के पण होतात! हॉटेलने बिल ७५,००० चंच दिलंय आणि १० टक्के कमिशन कापून ६७,५०० भरायला सांगितलेत, असंही असू शकतं. आकडा तोच, बँकेतून गेलेली रक्कम तीच, पण उत्तर उलटं, इथे क्लायंटचं बिल बरोबर आहे, चुकलीय ती आपली नोंद. हॉटेलचा खर्च पूर्ण ७५,००० दाखवायचा आणि ७,५०० कमिशनचं उत्पन्न म्हणून वेगळं दाखवायचं, त्यावर लागेल तो टॅक्स धरून. (कमिशन मिळतं हे क्लायंटला आधी सांगून ठेवलेलं बरं, नंतर कळलं तर वाद होतो.) म्हणजे बँक स्टेटमेंट बघून हे कधीच कळणार नाही, हॉटेलचं बिल हातात घेऊन रूम मोजाव्या लागतात. मी तर हॉटेलचं बिल आल्याशिवाय फायनल बिल काढूच देत नाही, तोपर्यंत प्रोफॉर्मावर काम चालतं.

आणि ७,५०० जास्त नसून कमी पडत असतील तर? म्हणजे हॉटेलला गेले ७५,००० आणि क्लायंटकडून आले ६७,५००. हे सहसा माणशी बिल लावल्यामुळे होतं. हॉटेलचा खर्च २० जणांत वाटून माणशी ३,७५० धरला, दोघं गळाले, बिलातून ७,५०० कमी केले. पण ते दोघं एकाच रूममधले नव्हते, वेगवेगळ्या रूममधले होते, त्यांचे पार्टनर आता एकेकटे राहिले, रूम दहाच्या दहा भरलेल्या! हॉटेल कशाला कमी करेल? म्हणून तिकीट माणसावर लावा, हॉटेल मात्र रूम आणि रात्रींवरच लावा, आणि सिंगल राहण्याचा फरक कोण भरणार हे बुकिंगलाच लिहून घ्या.

दोघं एकाच रूममधले असतील आणि रूम वेळेत सुटली असेल तर रूमचे ७,५०० वाचले. तिकिटाचं माणशी २,००० कॅन्सलेशन कापून ४,००० परत आले, दोघांचे ८,०००. एकूण १५,५००. सर्व्हिस फी आपण परत करत नाही, आणि वर स्वतःचा कॅन्सलेशन चार्ज माणशी ५०० लावतो असं धरू, १,००० आणि त्यावर टॅक्स १००. क्लायंटच्या हातात १४,४०० पडायला हवेत. बरेच जण इथे सरळ १४,४०० ची क्रेडिट नोट काढून मोकळे होतात, मग ग्रुपच्या खात्यात १,१०० लटकत राहतात आणि आपण घेतलेल्या चार्जवरचा टॅक्स कुठे दिसतच नाही. बरोबर पद्धत म्हणजे क्रेडिट नोट पूर्ण १५,५०० ची, आणि १,१०० चं वेगळं बिल. कागद दोन होतात खरे, पण खातं शून्य होतं.

अजून एक आकडा ओळखून ठेवा, उरलेल्या रकमेला ३० ने, म्हणजे १० रूम गुणिले ३ रात्रींनी, भाग जातोय का बघा. ४,५०० उरलेत? मग हॉटेलने रूमचा दर २,३५० लावलाय आणि आपण जुन्या २,५०० ने बिल दिलंय अशी शक्यता जास्त. आणि ६३७ किंवा १,२१८ असा कशातच न बसणारा आकडा असेल आणि हॉटेल परदेशातलं असेल तर ९० टक्के वेळा मी रूम मोजत बसत नाही, आधी करन्सीचा रेट बघतो, बिल बुकिंगच्या दिवसाच्या रेटने गेलेलं असतं आणि पैसे चेक-आउटच्या दिवसाच्या रेटने.