पावाचे पीठ हाताने किती वेळ मळावे?

पावाच्या बहुतेक पाककृतींत ‘पीठ दहा मिनिटे मळून घ्यावे’ एवढेच लिहिलेले असते. ही दहा मिनिटे कोणत्या हातांची, किती पाणी घातलेल्या पिठाची आणि कोणत्या महिन्यातली, याचा मात्र त्यात पत्ता नसतो. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी एकच मैदा हाताखाली इतका वेगळा वागतो की घड्याळ लावून मळणाऱ्याची हमखास फसगत होते. म्हणून पीठ पहिल्या फुगवणीला केव्हा ठेवायचे, हे पिठाचा पडदा ताणून पाहूनच ठरवावे. या तपासणीला बेकरीवाले ‘विंडोपेन टेस्ट’ म्हणतात. ती सोपी असली तरी बहुतेक जण ती चुकीच्या रीतीने करतात.

एका लादी पावासाठी 500 ग्रॅम मैदा, 310 ग्रॅम पाणी, 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 15 ग्रॅम साखर, 9 ग्रॅम मीठ आणि 20 ग्रॅम तेल घ्यावे. पाणी वाटीने न मोजता वजनकाट्यावरच मोजावे.

उन्हाळ्यात मळून झालेले पीठ साधारण 26 ते 28 अंशांवर असावे. त्याहून गरम झाल्यास ते सैल आणि चिकट होते आणि मळणे संपण्यापूर्वीच फुगू लागते. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी त्यासाठी मुळीच वापरू नये. हिशेब सोपा आहे: हव्या असलेल्या 26 अंशांची तिप्पट, म्हणजे 78 घ्यावी आणि तिच्यातून स्वयंपाकघराचे 36 व मैद्याचे 35 अंश वजा करावेत. उरलेल्या 7 अंशांतून हातांच्या उबेचे दोन-तीन अंश आणखी वजा केले की 4 ते 5 अंशांचे, म्हणजे फ्रिजमधले पाणी लागेल, हे कळते. माठातले पाणी हिवाळ्यात चालते, मे महिन्यात ते पुरत नाही. यीस्ट आधी कोरड्या मैद्यात मिसळून घ्यावे, थेट गार पाण्यात टाकू नये.

मैदा, यीस्ट, साखर आणि पाणी एकत्र करून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच कालवावे आणि झाकून वीस मिनिटे ठेवावे. उन्हाळ्यात ही वीस मिनिटे फ्रिजमध्ये गेलेली बरी. या काळात मैद्यातली प्रथिने पाणी शोषून घेतात आणि ग्लुटेनचे जाळे आपोआप विणले जाऊ लागते, त्यामुळे पुढचे मळणे बरेच कमी होते. ज्यांना हा वेळ वाया जातो असे वाटते, त्यांनी तो खुशाल वाचवावा आणि नंतर वीस मिनिटे घाम गाळावा. त्यानंतर मीठ घालून मळायला सुरुवात करावी आणि चार-पाच मिनिटांनी तेल थोडे थोडे मुरवावे.

खरी कसोटी यानंतर लागते. पीठ बोटांना आणि ओट्याला चिकटते, तेल घातल्यावर काही क्षण फाटल्यासारखे दिसते, आणि हात आपसूक मैद्याच्या डब्याकडे जातो. भाकरी थापताना परातीत कोरडे पीठ भुरभुरण्याची सवय असलेल्या आपल्या घरांत हा मोह विशेष बळावतो. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते. ते गरम पाण्याने चिकट झालेल्या स्टार्चवर एकसंध राहते, म्हणून तिथे कोरड्या पिठाने काही बिघडत नाही. पावाचे मात्र सगळेच बिघडते. पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या तीन मुठी मैदा घातला की 500 ग्रॅमचे 575 होतात आणि पाण्याचे प्रमाण 62 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर येते. असे पीठ हाताला छान गुळगुळीत लागते, पण त्याचा पाव दुसऱ्या दिवशी लाकडासारखा होतो. म्हणून मैद्याचा डबा मळायला बसण्यापूर्वीच कपाटात ठेवून द्यावा आणि चिकटलेले पीठ ओट्यावरून खरवडणीने सोडवून पुन्हा गोळ्यात घ्यावे.

मनगटालगतच्या तळहाताने गोळा पुढे दाबून ताणावा, अंगावर दुमडून घ्यावा, पाव फेरा फिरवून पुन्हा ताणावा. नुसते बुक्के मारल्याने पीठ दबते, ताणले जात नाही. पीठ फारच चिकट असेल तर दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर आपटावे आणि लांबलेले टोक त्यावरच दुमडावे. हात दमले तर झाकून पाच मिनिटे थांबावे. त्याने नुकसान होत नाही, उलट पीठ मऊ पडते.

आठव्या मिनिटाला पहिला पडदा पाहावा. लिंबाएवढा गोळा तोडून दोन मिनिटे झाकून ठेवावा, कारण नुकतेच मळलेले पीठ आखडलेले असते आणि तयार असूनही फाटते. मग हाताला तेलाचे बोट लावून गोळा किंचित चपटा करावा आणि कडेने फिरवत फिरवत, घाई न करता, बोटांच्या टोकांनी मधला भाग पातळ करत जावा. आठव्या मिनिटाला बहुधा पडदा होण्याआधीच तो फाटतो, फाटल्याची कड दातेरी असते आणि आत जाड-बारीक गुठळ्या दिसतात: ग्लुटेन अजून अपुरे आहे. दहाव्या मिनिटाला पडदा होतो, पण उजेडासमोर धरल्यावर त्यात जाड पट्टे दिसतात. बाराव्या मिनिटाच्या आसपास तो इतका पातळ होतो की पलीकडच्या बोटाची सावली दिसते, आणि भोक पडलेच तर त्याची कड गोल व गुळगुळीत असते. इथे थांबावे. सुरुवातीची वीस मिनिटांची विश्रांती दिली नसेल तर याच टप्प्याला पंधरा ते वीस मिनिटे लागतात.

पडदा फाटला की ‘अजून मळा’ असा सल्ला सरसकट दिला जातो, तो मला मान्य नाही. गोळा रबरासारखा मागे ओढत असेल आणि जाड असतानाच तुटत असेल, तर पाणी कमी पडले आहे. ओल्या हाताने मळत चमचाभर पाणी मुरवावे. पडदा सहज होतो पण स्वतःच्या भाराने लोंबून भोके पडतात, तेव्हा पीठ तापलेले असते. ते झाकून पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे आणि मग पुन्हा तपासावे. अति मळण्याची भीती हाताने मळणाऱ्याने बाळगू नये, ती यंत्राची गोष्ट आहे.

चक्कीवरून दळून आणलेल्या गव्हाच्या पिठाकडून मात्र असा पडदा मागू नये. त्यातला कोंडा पडद्याला छेद देतो. तिथे पाणी थोडे अधिक घालावे आणि जाडसर, ठिपक्यांचा पडदा न फाटता ताणला गेला की मळणे थांबवावे. रात्रभर फ्रिजमध्ये फुगवायच्या पिठालाही पूर्ण पडद्याची गरज नसते, कारण उरलेले काम वेळ करतो. हा काटेकोरपणा मऊ, उंच, धाग्याधाग्याने सुटणाऱ्या लादी पावासाठी आहे.

पडदा झाला की गोळा तेल लावलेल्या पातेल्यात ठेवून झाकावा. डिसेंबरात तो दुप्पट व्हायला दीड तासापर्यंत लागू शकतो; मे महिन्यात मात्र चाळीस मिनिटांनीच झाकण उघडून पाहावे.