धुऱ्याचं भांडण: एनसीवर थांबू नका, एक्स-रे काढा

शेताच्या धुऱ्यावरून हाणामारी झाली की ठाण्यात बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हाती देतात. साधी दुखापत (भारतीय न्याय संहिता, कलम 115(2)) अदखलपात्र आहे. त्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. त्यामुळे 'एनसी दिली तरी पोलीस आलेच नाहीत' ही तक्रार फोल ठरते. आदेशासाठी तालुक्याच्या न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तो तुम्हालाही करता येतो.

पण बोट सुजलंय, मुठीत वळत नाही, तर ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढाच. हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, कलम 117(2), म्हणजे दखलपात्र. मार विळ्या-कुऱ्हाडीचा असेल तर जखम साधी असली तरी कलम 118(1) लागतं, तेही दखलपात्रच. डॉक्टरांचा दाखला घेऊन ठाण्यात परत जा, पुरवणी जबाब द्या, एफआयआरची मोफत प्रत मागा. आता पोलिसांना तपासासाठी न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. सोबत शिवीगाळ-धमकीसारखी अदखलपात्र कलमं असली, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174(4) नुसार सगळं प्रकरण दखलपात्रच धरतात.