ब्रॅकेटिंगमध्ये उंची जुळत नव्हती, तेव्हा

कोंबडीच्या आयलियमवर, म्हणजे लहान आतड्याच्या तुकड्यावर, अ‍ॅसिटिलकोलीनचा बायोअ‍ॅसे करताना, म्हणजे आकुंचनाच्या उंचीवरून औषधाची तीव्रता काढताना माझी अडचण एकच होती: माहीत असलेल्या तीव्रतेचा तोच स्टँडर्ड डोस पुन्हा दिला की आलेख आधीपेक्षा बुटका यायचा. मग अज्ञात तीव्रतेचं टेस्ट द्रावण कशाशी जुळवायचं?

उपाय वेळेच्या शिस्तीत सापडला. मी घड्याळ समोर ठेवून चक्र पक्कं केलं: ३० सेकंद बेसलाइन, ३० सेकंद औषध, मग तीनदा धुणं, पुढचा डोस बरोबर पाच मिनिटांनी. धुणं अपुरं राहिलं की बेसलाइन खाली येत नाही, हीच खूण. एकाच डोसची उंची सलग सारखी आल्यावरच टेस्टला हात लावला.

स्टँडर्ड १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. ०.२ मिलीला ३० मिमी, ०.४ ला ४८ मिमी, टेस्टच्या ०.२ मिलीला ४१ मिमी. मग ब्रॅकेटिंगचा कंस आवळला, टेस्टच्या उंचीच्या खाली-वर जवळचे दोन स्टँडर्ड डोस घेतले: ०.२८ ला ३९, ०.३२ ला ४२. मध्य ०.३ मिली, म्हणजे ३ मायक्रोग्रॅम. ते टेस्टच्या ०.२ मिलीत, म्हणून १५ मायक्रोग्रॅम प्रति मिली.

टेस्टची उंची एकाच स्टँडर्डशी जुळवणाऱ्या नुसत्या मॅचिंगपेक्षा मला ब्रॅकेटिंग भरवशाचं वाटतं, कारण ऊतीची संवेदनशीलता मध्येच बदलली तर दोन्ही बाजूंचे स्टँडर्ड लगेच सांगतात. मात्र डोस कमाल प्रतिसादाजवळचे नकोत. तिथे वक्र सपाट होतो आणि वेगळे डोसही सारखेच दिसतात.